फेरिटिनचे सतरा आकडे: टी-टेस्ट, लॉग की मॅन-व्हिटनी?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी मेडिसिनची रेसिडेंट आहे, थिसिसमधलं निकालांचं प्रकरण लिहिते आहे. विषय डेंग्यू आणि सीरम फेरिटिन. दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांत घेतलेल्या रक्तातलं फेरिटिन, नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये. रुग्णांचे दोन गट आहेत: धोक्याची लक्षणं (सतत उलट्या, पोटात दुखणं, हिरड्यांतून रक्त वगैरे) नसलेले ९ आणि असलेले ८. आकडे चढत्या क्रमाने लावून देते.

नसलेले: ८८, १४०, १६५, २१०, २६०, ३१०, ४२०, ५९०, ९८०
असलेले: २४०, ३८०, ५२०, ७००, ८६०, १२५०, १९००, ७४००

स्टॅटिस्टिक्स बघणाऱ्यांनी टी-टेस्ट लावून दिली (दोन्ही गटांचे एसडी वेगळे धरणारी, वेल्चची). पी-व्हॅल्यू ०.१७ आली आणि त्यांनी "लक्षणीय फरक नाही" असं लिहून पाठवलं. आमचे गाईड म्हणाले, मॅन-व्हिटनी लाव. ती लावली तर ०.०२ येते. युनिटमधल्या एका सीनियरचं म्हणणं, ७४०० हा आकडाच काढून टाक, तोच सगळा घोळ करतोय.

मला सोयीचं उत्तर नकोय. आकडे तेच आणि दोन टेस्ट दोन गोष्टी सांगतात, तर यातलं खरं काय आणि का, हे मला व्हायवात उभं राहून सांगता आलं पाहिजे. सीनियरचं ऐकू का?

सह्यकडा

ताई, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. सॅम्पल ३० पेक्षा कमी असेल तर नॉनपॅरामेट्रिक. आणि खात्री हवी असेल तर आधी शापिरो-विल्क लावा. पी ०.०५ च्या वर आली तर डेटा नॉर्मल, मग टी-टेस्ट. खाली आली तर मॅन-व्हिटनी. आम्हाला असंच शिकवलं होतं आणि माझा पेपरही याच पद्धतीने छापून आला.

रानजाई

दादा, शापिरो लावून पाहिली होती. पहिल्या गटात डब्ल्यू ०.८४ आणि पी ०.०५ च्या थोडी वर. दुसऱ्या गटात डब्ल्यू ०.६२, पी ०.०१ च्याही बरीच खाली. म्हणजे त्याच रक्तातलं तेच फेरिटिन एका गटात नॉर्मल आणि दुसऱ्या गटात नाही, असं धरायचं का? मला ते पटेना.

खडूफळा

रानजाई, तुला पटत नाहीये तेच बरोबर आहे. मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना बायोस्टॅट शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सह्यकडा, तुमच्या सांगण्यातला अर्धा भाग ठीक आहे. लहान सॅम्पलमध्ये टी-टेस्टला आकड्यांच्या आकाराची जास्त पर्वा करावी लागते, हे खरं. पण ३० या आकड्याला कसलाही पाया नाही. वजन किंवा हिमोग्लोबिनसारखं माप असेल तर आठ-आठच्या गटांवरही टी-टेस्ट बिनदिक्कत चालते. उलट फेरिटिनसारख्या लांब शेपटीच्या मापाला कधीकधी साठ रुग्णही पुरत नाहीत.

शापिरोचं उलटं आहे. जिथे तिची गरज असते तिथेच ती अशक्त असते. नऊ आकड्यांत वाकडेपणा पकडण्याइतकी माहितीच नसते. रानजाईच्या पहिल्या गटात सर्वात मोठा आकडा सर्वात लहान आकड्याच्या अकरा पट आहे, तरी शापिरोने तो सोडून दिला. पी ०.०५ च्या वर आली याचा अर्थ एवढाच की वाकडेपणा सापडला नाही. तो नाही, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

मग कशावरून ठरवायचं? ते माप शरीरात वागतं कसं त्यावरून, आणि ते आकडे हातात येण्याआधीच माहीत असतं. फेरिटिन, सीआरपी, ट्रायग्लिसराइड, यकृताची एन्झाइम्स ही मापं पटीत वाढतात. शंभरचं दोनशे होणं आणि हजारचं दोन हजार होणं, डॉक्टरच्या लेखी दोन्ही "दुप्पट". अशा मापात सरासरी आणि एसडी दोन्ही फसवतात. तुझ्या दुसऱ्या गटाची सरासरी १६५६ येते. आठपैकी सहा रुग्ण तिच्या खाली आहेत. एसडी येतो २३८१, सरासरीपेक्षा मोठा. म्हणजे सरासरीतून एक एसडी वजा केला की फेरिटिन शून्याच्या खाली जातं. शून्याखाली जाऊच न शकणाऱ्या मापात असं दिसलं की समजायचं, या आकड्यांना हा एसडी लागू नाही. त्याला शापिरो लागत नाही, तक्त्याकडे नुसतं पाहिलं तरी कळतं.

आता ७४०० कडे येऊ. एक प्रयोग करून बघ. त्या रुग्णाचं फेरिटिन ७४०० ऐवजी २००० होतं असं धर आणि साध्या आकड्यांवर तीच वेल्च टी-टेस्ट परत लाव. पी येईल ०.०४. आकडा अजिबात काढून टाकलास तर ०.०७. आणि खरा ७४०० ठेवलास तर तुला मिळालेली ०.१७. जरा थांबून हे वाच. धोक्याची लक्षणं असलेल्या गटातला एक रुग्ण आणखी आजारी निघाला, फेरिटिन आणखी चढलं, आणि त्यामुळे टी-टेस्ट म्हणते की गटांतला फरक पुसट झाला. कारण त्या एका आकड्याने सरासरी वर ओढली खरी, पण एसडी त्याहून जास्त फुगवला, आणि टी म्हणजे सरासरींतला फरक भागिले त्या फुगलेल्या एसडीवरून काढलेली त्रुटी. ०.१७ ही तुझ्या डेंग्यूच्या रुग्णांबद्दल फारसं काही सांगत नाही. चुकीच्या मोजपट्टीवर मोजल्याने ती आलीय. पटीत वागणाऱ्या मापाची मोजपट्टी म्हणजे लॉग: आधी प्रत्येक आकड्याचा लॉग घ्यायचा, मग त्यावर टी-टेस्ट.

नमुनानळी

मी बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये असते. खडूफळा सरांच्या आकडेमोडीत मी पडत नाही, पण तो ७४०० आला कसा ते आधी विचारते. फेरिटिनच्या बऱ्याच यंत्रांची वरची मर्यादा एक-दोन हजारांच्या आसपास असते. त्यापुढे यंत्र नुसतं "> 2000" असं काहीतरी छापतं आणि नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो. तुझा ७४०० पातळ करून आलेला आहे ना? कितीपट डायल्यूशन होतं, गुणाकार बरोबर केला का, हे रजिस्टरमध्ये बघ.

आणि इतर "> 2000" तसेच टंकले गेले नाहीत ना, तेही तपास. एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणून बसतो आणि सरासरी काढताना एक्सेल त्याला गुपचूप वगळतं. सर्वात आजारी रुग्णच तक्त्यातून गळतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तुझ्या सीनियरना एक सांग. डेंग्यूत फेरिटिन हजारोंत जाणं अजिबात अशक्य नाही. काही रुग्णांत एचएलएच होतं, तिथे तर असेच आकडे दिसतात. मोजमाप चुकलं असेल तर आकडा काढ. मोठा आहे म्हणून काढू नकोस.

रानजाई

ताई, आत्ताच रजिस्टर पाहून आले. पहिला रिपोर्ट "> 2000" होता, त्याच दिवशी १० पट पातळ करून पुन्हा लावला. यंत्रावर ७४० आलं, गुणून ७४००. कंट्रोल ठीक होते. दुसरा कुठलाही नमुना मर्यादेबाहेर नव्हता. तो रुग्ण नंतर आयसीयूत गेला होता, म्हणजे आकडा खराच वाटतो. तो राहणार.

खडूफळा

नमुनानळी ताईंनी फार मोलाचं विचारलं. समजा लॅबने पातळ करून लावलंच नसतं आणि "> 2000" एवढंच हाती असतं. मॅन-व्हिटनीला काहीच फरक पडला नसता. ती फक्त क्रम बघते. २००१ असो, ७४०० असो की लाखभर असो, सतरा जणांत त्याचा क्रमांक सतरावाच. लॉगवरच्या टी-टेस्टला मात्र आकडा लागतो, आणि तिथे २००० ठोकून दिलास तर दोन गटांतली पट खोटी कमी दिसेल आणि एसडीही खोटा लहान होईल. तुझ्याच आकड्यांत पट ३.४ वरून २.९ वर येते, आणि पी उलट आणखी लहान होते. मर्यादेबाहेरचे आकडे असतील तर क्रमावर चालणारी टेस्ट बरी, याचं हे रोखठोक कारण.

श्रावणधारा

मी बायोटेकमध्ये पीएचडी करतेय. धाग्याशी थोडं आडवं आहे, पण माझं कोडंही याच जातीचं. तीन उंदीर कंट्रोल, तीन उंदीर औषधाचे. आयएल-६ मोजलं. औषधाच्या तिन्ही उंदरांचे आकडे कंट्रोलच्या सगळ्यांपेक्षा कमी, मधे चांगली मोठी दरी. रिव्ह्यूअर म्हणतो, डेटा स्क्यूड आहे, मॅन-व्हिटनी लावा. लावली तर पी ०.१. आता याहून स्पष्ट फरक मी आणू कुठून?

खडूफळा

आणूच शकत नाहीस. सहा उंदरांतून तीन निवडायचे २० मार्ग आहेत. त्यातला एक म्हणजे तुझे तिन्ही खाली, आणि एक नेमका उलटा. २० पैकी २, म्हणजे ०.१. तीन-तीनच्या गटांत मॅन-व्हिटनीची दोन्ही बाजूंची पी याहून खाली येणं गणितानेच शक्य नाही, मग फरक हजारपट असला तरी. चार-चार घेतलेस तर ७० पैकी २, म्हणजे ०.०३ पर्यंत पोहोचता येतं.

रिव्ह्यूअरला हे गणित लिहून कळव आणि लॉगवर टी-टेस्ट दे. आयएल-६ पण पटीत वागणारंच आहे. मात्र तीन उंदरांवरून लॉगनंतरचा आकार नीट आहे की नाही हे कुणालाच तपासता येणार नाही, तो जुन्या अनुभवावरचा भरवसा असेल. तसं स्पष्ट लिही, आणि सहाच्या सहा ठिपके आकृतीत दाखव.

प्राजक्त_ठाणे

मीही हेच करतेय! माझ्याकडे ५ रुग्ण आहेत, अँटिबायोटिक देण्याआधीचं आणि तिसऱ्या दिवशीचं सीआरपी. मी आधीचे पाच आणि नंतरचे पाच असे दोन गट करून मॅन-व्हिटनी लावली. बरोबर आहे ना? रानजाईला जे उत्तर तेच मला लागू होईल असं वाटतंय.

नमुनानळी

नाही गं, तुझं वेगळं आहे. तुझे आधीचे आणि नंतरचे आकडे त्याच पाच माणसांचे आहेत. जोड्या मोडू नकोस. प्रत्येकाचं सीआरपी किती पट उतरलं ते काढ, आणि मग जोड्यांची टेस्ट.

खडूफळा

बरोबर. आणि प्राजक्त, जोड्यांसाठीची विल्कॉक्सन पाच रुग्णांत ०.०६ च्या खाली जातच नाही, पाचही जणांचं सीआरपी उतरलं तरी. सहावा रुग्ण मिळाला तर जाऊ शकते. प्रत्येक रुग्णाची एक रेघ काढलेली आकृती दे, आधीपासून नंतरपर्यंत. पाच रेघा टेस्टपेक्षा जास्त बोलतील.

तिठा

मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम करतो. खडूफळा सरांशी बऱ्याच अंशी सहमत, पण रानजाईने मुख्य टेस्ट कुठली धरावी यावर माझं मत थोडं निराळं आहे. आधी दोन्ही चालवून दाखवतो. आर मध्ये, `gat` च्या जागी आपला रकाना:

```
t.test(log(ferritin) ~ gat, data = d)
wilcox.test(ferritin ~ gat, data = d, exact = TRUE)
```

लॉग घेतल्यावर पहिल्या गटाची भौमितिक सरासरी २७३ आणि दुसऱ्याची ९१७. लॉगवरच्या सरासरींतला फरक उलट फिरवला (`exp()`) की तो पट होतो: ३.४ पट, ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १.३ ते ९.०. पी ०.०२. गटांची नावं कुठल्या क्रमाने आहेत ते मात्र बघा, नाहीतर आर उलटी पट देईल.

मॅन-व्हिटनीत यू ६० येतो, ७२ पैकी. आर उलट्या क्रमाने १२ दाखवेल, अर्थ तोच. त्याचा अर्थ हाताने मोजूनही कळतो. लक्षणं असलेला प्रत्येक रुग्ण नसलेल्या प्रत्येकासमोर उभा करा, ८ गुणिले ९ म्हणजे ७२ जोड्या. २४० वाला चौघांना मागे टाकतो, ३८० वाला सहांना, ५२० वाला सातांना, ७०० आणि ८६० वाले आठ-आठ, उरलेले तिघं नऊच्या नऊ. बेरीज ६०. म्हणजे ८३ टक्के जोड्यांत लक्षणं असलेल्याचं फेरिटिन जास्त. पी इथेही ०.०२.

दोन्ही टेस्ट एकच दिशा दाखवतात. पण मी मॅन-व्हिटनी मुख्य धरेन. कारण लॉगनंतरही दुसऱ्या गटाचा एसडी पहिल्याच्या दीडपट आहे आणि ७४०० लॉगवरही सर्वांत लांब उभा आहे. आठ आकड्यांवरून लॉग पुरेसा ठरला असं मी छातीठोक म्हणणार नाही. क्रमाला या गृहीतकाची गरज नाही.

खडूफळा

तिठा, मुद्दा रास्त आहे. तरीही मी लॉगच्या बाजूने उभा राहीन. वॉर्डातल्या डॉक्टरला "८३ टक्के जोड्यांत जास्त" याचं काय करायचं ते समजत नाही, "तिपटीहून जास्त, पण १.३ पट ते ९ पट यातलं काहीही असू शकतं" हे समजतं. आणि ती रुंद मर्यादाच सतरा रुग्णांचा खरा निकाल आहे. नुसती पी छापली की ती रुंदी झाकली जाते. एसडी वेगळे असल्याची तजवीज वेल्च करतेच. शिवाय गटांची पसरण वेगवेगळी असताना मॅन-व्हिटनीही पूर्ण निर्धास्त नसते, आणि मुलं तिला "मिडियनची टेस्ट" म्हणतात ते तर अशा वेळी चुकीचंच ठरतं.

तिठा

मिडियनबद्दल सहमत. उरलेल्यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. :) माझ्या कामात गृहीतक कमी असणं हाच मोठा गुण असतो.

सह्यकडा

एक शंका. लॉग घेऊन मग त्यावर मॅन-व्हिटनी लावली तर दोन्हींचा फायदा मिळेल का?

तिठा

पी तीच येईल. लॉगने क्रम बदलत नाही, ८८ पहिलाच आणि ७४०० शेवटचाच. पण `conf.int = TRUE` लावलंत तर उपयोग आहे. त्यातून मिळणारा फरक उलट फिरवला की गृहीतकं कमी ठेवूनही पट हातात येते. खरं तर सर आणि मी यातून एकमेकांच्या जवळ येऊ शकतो.

रानजाई

खूप आभार, सगळ्यांचे. आता एकच अडचण. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या कागदात, "अनपेअर्ड टी-टेस्ट" असं लिहिलंय. मी आता लॉग किंवा मॅन-व्हिटनी घेतली तर परीक्षक म्हणतील, ०.१७ आवडली नाही म्हणून बदललं. आणि ते शंका घेतील तर त्यांचं तरी काय चुकलं?

खडूफळा

त्यांनी विचारलंच पाहिजे. म्हणून लपवू नकोस. पद्धतीच्या प्रकरणात साधारण असं लिही: "सिनॉप्सिसनुसार अनपेअर्ड टी-टेस्ट योजली होती. फेरिटिन हे पटीत बदलणारं माप असल्याने आणि एका गटात एसडी सरासरीपेक्षा मोठा आल्याने विश्लेषण लॉगवर केलं. मूळ टी-टेस्ट आणि मॅन-व्हिटनी यांचेही निकाल दिले आहेत." मग तक्त्यात तिन्ही ओळी: ०.१७, ०.०२, ०.०२. कुणी विचारलं तर वर लिहिलेला ७४०० आणि २००० चा प्रयोग फळ्यावर करून दाखव. सरासरी अधिक-उणे एसडी छापू नकोस. मिडियन आणि सर्वांत लहान-मोठा आकडा छाप: २६० (८८ ते ९८०) आणि ७८० (२४० ते ७४००). गट एवढे लहान आहेत की सतराही ठिपके एका आकृतीत बसतात, उभा अक्ष लॉगचा ठेव.

तरीही हे आकडे पाहून घेतलेलं पाऊल आहे, ही टीका पुसली जाणार नाही. तिचा जोर कमी होईल, कारण बदलामागचं मुख्य कारण आकड्यांबाहेरचं आहे. पुढच्या रेसिडेंटच्या सिनॉप्सिसमध्ये "लॉगवर" हा शब्द आधीच घालायला गाईडना सांग.

नमुनानळी

मला अजून एक सलतंय. रक्त दाखल झाल्यावर २४ तासांत घेतलं, ठीक. पण तो तापाचा कितवा दिवस होता? धोक्याची लक्षणं साधारण ताप उतरायच्या सुमारास दिसतात. मग लक्षणं असलेले लोक मुळात उशिरा आलेले असतील, आणि फेरिटिन त्या दिवसांबरोबर वर गेलेलं असेल. शिवाय पुरुषांचं फेरिटिन एरवीही बायकांपेक्षा जास्त असतं. गटांत स्त्री-पुरुष कसे वाटले गेलेत?

रानजाई

तापाचा दिवस केस पेपरवर आहे, स्त्री-पुरुषही. तक्त्यात घेतलेलं नव्हतं. नुसतं चाळलं तरी लक्षणं असलेल्यांपैकी बरेच पाचव्या-सहाव्या दिवशी आलेले दिसतात आणि दुसरे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. यासाठी रिग्रेशन लावू का?

तिठा

सतरा रुग्ण, त्यात दिवस आणि लिंग दोन्ही घातलेत तर मॉडेल डळमळीत होईल. फार तर लॉग फेरिटिनसाठी गट आणि तापाचा दिवस, एवढं एक. आणि दोन गटांचे दिवस एकमेकांत मिसळलेलेच नसतील तर तेही काही सांगू शकणार नाही.

खडूफळा

मॉडेलच्या आधी ठिपके काढ. आडव्या अक्षावर तापाचा दिवस, उभ्यावर लॉग फेरिटिन, दोन गटांना दोन रंग. रंग वरखाली वेगळे दिसतात की डावे-उजवे, ते बघून इथे टाक. डावे-उजवे दिसले, तर टी-टेस्ट की मॅन-व्हिटनी यापेक्षा मोठा प्रश्न तुझ्यापुढे आहे, आणि तो या सतरा आकड्यांतून सुटेल असं मला वाटत नाही.

रानजाई

उद्या ड्यूटी संपली की केस पेपर काढून दिवस भरते आणि आकृती टाकते.